दख्खनचा सारा, सावकार आणि हातमाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी राजवटीने इथली शेती आणि कारागिरी कशी बदलली, यावर लोक सतत प्रश्न पाठवतात. काही प्रश्न शाळकरी मुलांचे असतात, तर काही घरातले जुने कागद उलगडून बसलेल्या आजोबांचे. संपूर्ण हिंदुस्थानाबद्दल एकदम उत्तर द्यायला गेलं की ते उत्तर पातळ होतं. म्हणून इथे मुख्यतः पुणे, अहमदनगर आणि सोलापूर या पट्ट्याबद्दल लिहिलं आहे. काळ साधारण १८१८ मध्ये पेशवाई संपल्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा आहे. इतर भागांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

१. सारा तर पेशवेही घेत होते. मग इंग्रजांनी वेगळं काय केलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. पेशवाईतला सारा हलका होता असं मुळीच नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर महसुलाचा इजारा लिलावाने दिला जायचा आणि इजारदार एका वर्षात जमेल तेवढं ओरबाडून घ्यायचा. पेशवाईनंतर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने ही इजारदारी बंद केली. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

फरक पडला तो मागणीच्या स्वभावात. जुन्या पद्धतीत कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यात मोठं अंतर असे. पाऊस गेला की पाटील मामलेदाराकडे जाऊन सूट मागायचा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळायचा, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे चढत्या दराने सारा. ही घासाघीस गावाच्या वतीने व्हायची. इंग्रजी व्यवस्थेत सरकारचा व्यवहार थेट एकेका खातेदाराशी सुरू झाला. रक्कम रोखीत ठरली, तारीख ठरली, आणि सूट हा अपवाद झाला. पीक आठ आणे आलं तरी सारा सोळा आणेच भरायचा. माझ्या मते दख्खनच्या शेतकऱ्याला साऱ्याच्या दरापेक्षा हा ताठरपणा जास्त महागात पडला. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्याकडे परत येतात.

२. जमीनदारी, रयतवारी, महालवारी या तीन पद्धतींत फरक काय? आपल्याकडे कोणती होती?

सरकार सारा कोणाकडून मागतं, एवढाच मूळ फरक आहे. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने जमीनदाराशी कायमचा करार केला. त्याने सरकारला द्यायची रक्कम कायमची बांधली गेली, पण कुळाकडून किती घ्यायचं याला फारसा धरबंध राहिला नाही. वायव्येकडच्या प्रांतांत गाव किंवा महाल हा एकक धरला, ती महालवारी. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने रयतेशी थेट व्यवहार केला, ती रयतवारी. मुंबई इलाख्याच्या देशावरच्या भागात रयतवारीच आली, पण मद्रासपेक्षा वेगळ्या मोजणीवर उभी राहिलेली (प्रश्न ४ पाहा). कोकण, नागपूर वगैरेंचं प्रश्न १२ मध्ये आहे.

३. प्रिंगलची पाहणी का फसली?

आर. के. प्रिंगल हा तरुण अधिकारी इंग्लंडात अर्थशास्त्र शिकून आला होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुणे भागात मोजणी केली. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, हे त्याचं सूत्र. कागदावर ते अगदी न्याय्य दिसतं.

अडचण अशी की प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पायली पिकतं, बैलजोडीवर काय खर्च होतो, धान्य कोणत्या भावाने विकतं, हे सगळं आधी कळायला हवं. ती माहिती खालच्या कारकुनांनी गोळा केली. त्यात अंदाज होते, चुका होत्या आणि लाचही होती. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड लागली, आणि ज्याने केले नाहीत त्याची बरड काळी लागली. त्यातच १८३० च्या सुमारास धान्याचे भाव पडले, पण सारा मात्र रोखीत ठरलेला. इंदापूर तालुक्यात शेतं ओस पडली, लोक शेजारच्या मुलखात निघून गेले आणि थकबाकी वाढत गेली. अखेर सरकारला ही मोजणीच रद्द करावी लागली.

४. विंगेट आणि गोल्डस्मिडच्या पद्धतीत एका शेताचा सारा नेमका कसा ठरायचा?

या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्या जमिनींचे आकार या हिशेबातून आले आहेत आणि तरी तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरापासूनच पुन्हा सुरुवात केली. निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद त्यांनी सोडला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गावातल्या शेतांची आपसांतली तुलना ही एक, आणि गावांच्या गटाला लावायचा सर्वांत वरचा दर ही दुसरी.

तुलनेसाठी प्रतबंदी करायचे. शेत ३३ फुटी साखळीने मोजलं जाई. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मग नकाशावर शेताचे साधारण सारखे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात खणून मातीचा थर किती हात खोल आहे ते बघायचं. मातीचे तीन प्रकार धरले होते. बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड व फिकी किंवा तांबूस, आणि मुरमाड. पावणेदोन हात खोल काळी माती म्हणजे १६ आणे. खोली कमी होत गेली की आणे उतरत जात, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि शेवटी २. तेवढ्याच खोलीची भरड माती काळीपेक्षा एक पायरी खाली, आणि मुरमाड तिच्याहून आणखी एक पायरी खाली. त्यावर दोष बघायचे. चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, पाण्याने धूप होते का. एका दोषाला एक पायरी खाली.

समजा बारा एकरांचं शेत आहे आणि त्याचे दोन-दोन एकरांचे सहा चौकोन पाडले आहेत. पहिल्यात काळी माती सव्वा हात, म्हणून १२ आणे. दुसऱ्यात काळी एक हात, म्हणून १० आणे. तिसऱ्यातही काळी एक हात, पण चुनखडी, म्हणून एक पायरी उतरून ८ आणे. चौथ्यात भरड माती एक हात, ८ आणे. पाचव्यात भरड अर्धा हात, साडेचार आणे. सहाव्यात मुरमाड अर्धा हात, ३ आणे. बेरीज साडेपंचेचाळीस, सहाने भागले की सरासरी साधारण ७ आणे ७ पै. त्या गावाच्या गटाचा वरचा दर एकरी एक रुपया असेल, तर या शेताचा दर एकरी ७ आणे ७ पै आणि बारा एकरांचा सारा सुमारे ५ रुपये ११ आणे.

वरचा दर कशावरून ठरायचा? पाऊसमान, बाजारपेठेचं अंतर, आणि त्या भागात मागच्या वर्षांत किती वसूल झालं व किती थकलं, हे बघून अधिकारी आपल्या अंदाजाने ठरवायचा. मातीची प्रत जितक्या बारकाईने मोजली जायची, तितकाच हा वरचा आकडा एका माणसाच्या मनावर होता. हा दर तीस वर्षांसाठी पक्का केला जाई. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या सगळ्याचे नियम बांधून दिले आणि पद्धत इलाखाभर पसरली.

५. विंगेटचे दर कमी होते आणि लागवड वाढली, असं वाचलं. मग शेतकरी कर्जात का बुडाला?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिल्या तीस वर्षांत दर प्रिंगलपेक्षा बरेच खाली होते आणि पडीक रानं लागवडीखाली आली.

पण याच व्यवस्थेने आणखी एक केलं. पूर्वी मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन ही घराण्याची इज्जत, ती सहसा विकली जात नसे. उपरी वर्षाकाठी करायला घेणारा. मोजणीनंतर ज्याच्या नावावर खातं त्याला जमीन ठेवण्याचा, गहाण टाकण्याचा, विकण्याचा पूर्ण हक्क मिळाला. साऱ्याचं ओझं हलकं झाल्यामुळे जमिनीला बाजारात किंमत आली. म्हणजेच सावकाराला तारण मिळालं. पूर्वी सावकार पिकावर आणि ओळखीवर कर्ज द्यायचा, म्हणून हात आखडता ठेवायचा. आता जमीन समोर होती आणि मागे दिवाणी कोर्ट.

साऱ्याचा हप्ता पडायच्या वेळी पीक अजून खळ्यावर नाहीतर पेवात असायचं. तेव्हा भाव सर्वांत खाली असतो. विकलं तर तोटा, न विकलं तर हप्ता चुकतो आणि जमीन सरकारजमा होण्याची भीती. वाटेत सावकाराचं दुकान. बहुतेक कर्जं अशी लहान रकमांपासून सुरू झाली. लग्नकार्याच्या उधळपट्टीने शेतकरी बुडाला हे जुन्या अहवालांतलं आवडतं स्पष्टीकरण मला पटत नाही. लग्नं पेशवाईतही होत होती.

६. शंभर रुपयांच्या कर्जाचे पाचशे कसे होत? हे अतिशयोक्त नाही का?

नाही. हिशेब करून बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरच्या, म्हणजे कर्जाच्या लेखी कबुलीवरच्या, दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. कायदा करणाऱ्यांना वाटलं, यामुळे जुनीपुराणी कर्जं उकरून काढणं थांबेल. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, नवा रोखा कर, नाहीतर मी कोर्टात जातो. नव्या रोख्यात मुद्दल अधिक व्याज ही सगळीच रक्कम मुद्दल म्हणून लिहिली जायची.

दरमहा दोन टक्के व्याज धरा. दख्खनमध्ये तो काही चढा दर नव्हता. शंभर रुपयांचे तीन वर्षांत १७२ झाले. त्यावर नवा रोखा, पुढच्या तीन वर्षांत २९६. पुन्हा नवा रोखा, नवव्या वर्षाअखेर ५०९. रोखा बदलला नसता तर सरळ व्याजाने नऊ वर्षांचे ३१६ झाले असते. शेतकऱ्याला अक्षर कळत नसे. रोख्यावर तो नांगराची निशाणी करायचा. मधे दिलेले दोन पोते धान्य जमेला धरले की नाही, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

७. दामदुपटीचा नियम होता ना? मग मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसुली कशी व्हायची?

बारीक प्रश्न आहे. दामदुपट म्हणजे व्याज मुद्दलाइतकंच घेता येईल, त्याहून जास्त नाही. जुने पंच हा नियम मूळ कर्जाला लावायचे, म्हणून शंभराचे दोनशेच. कोर्ट मात्र समोर आलेल्या रोख्याकडे बघायचं. रोख्यावर २९६ मुद्दल लिहिलं असेल तर दामदुपट २९६ वर मोजली जायची. नियम पुस्तकात राहिला आणि नव्या रोख्याने तो निकामी झाला. शिवाय बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. तालुक्याच्या कोर्टात जायला दोन दिवस मोडायचे आणि वकिलाला पैसे द्यायचे, त्यापेक्षा शेतकरी जायचाच नाही.

८. १८७५ चे दख्खनचे दंगे साऱ्याविरुद्ध होते की सावकाराविरुद्ध?

उठाव सावकाराच्या कागदांविरुद्ध झाला, पण ती वेळ येण्यामागे सारा होता. दोन्ही धागे नीट बघायला हवेत.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरला मिळणारा तिथला कापूस थांबला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुणे-नगर पट्ट्यात कापूस फारसा नव्हता, हे अनेक पुस्तकं सांगत नाहीत. पण धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली आणि सावकाराच्या हातात पैसा खेळू लागला. तो सढळ हाताने कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा सट्टा कोसळला, आणि काही वर्षांत इथले भावही उतरले.

नेमकं याच सुमारास विंगेटची पहिली तीस वर्षं भरली. इंदापूर, भीमथडी, हवेली या तालुक्यांत फेरमोजणी झाली. दर ठरवणाऱ्यांनी तेजीतले भाव बघितले आणि साऱ्यात निम्म्याच्या आसपास वाढ केली, काही गावांत त्याहून बरीच जास्त. ती वाढ मंदीत वसूल होऊ लागली. सावकारांनी ओळखलं की आता जमिनीत उरत नाही, आणि साऱ्यासाठी कर्ज द्यायचं थांबवून कोर्टाचे वसुलीचे हुकूमनामे बजावायला सुरुवात केली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका मारवाडी सावकाराशी व्यवहार तोडला. कोणी त्याचं पाणी भरेना, कोणी हजामत करेना. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत गेलं. लोकांची मागणी एकच होती, रोखे आणि हुकूमनामे द्या. ज्या सावकाराने मुकाट्याने दिले, त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. कागदांची होळी झाली. कोणता कागद आपल्याला बांधतो, हे न वाचता येणाऱ्या लोकांना अचूक कळलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यात वाढलेल्या साऱ्याचा वाटा किती, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही इतिहासकारांत आहेत. सारा न वाढवलेल्या काही गावांतही दंगे झाले, हा सरकारच्या बाजूचा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. पण पतपुरवठा सगळ्या भागात एकाच वेळी आटला होता आणि तो गावाची शीव बघून आटत नाही, म्हणून मला तो मुद्दा अपुरा वाटतो. वाढीला मर्यादा मात्र सरकारला दंग्यांच्या आधीच, १८७४ मध्ये, मान्य करावी लागली होती. तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ आणि एका खात्याला १०० टक्क्यांपलीकडे एका फेरीत वाढ नको, असा नियम झाला.

९. १८७९ च्या कायद्याने शेतकरी सुटला का?

थोडा सुटला. दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळं मोजावं, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, या त्यातल्या मुख्य तरतुदी. म्हणजे प्रश्न ६ मधली युक्ती बरीचशी बंद झाली.

सावकाराने वाट बदलली. गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला. पैसे फेडलेस की जमीन परत, हे फक्त तोंडी. खरेदीखताच्या मागे कोर्टाला जाता येत नव्हतं, म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. घरात त्या काळातलं खरेदीखत असेल आणि किंमत जमिनीच्या मानाने फारच कमी असेल, शिवाय विकणाराच पुढे ती जमीन कसत राहिला असेल, तर तो व्यवहार मुळात कर्जाचा असण्याची शक्यता धरा. एक मोठी गोष्ट या कायद्याने शिवलीच नाही, ती म्हणजे सारा. १८७६ च्या वेगळ्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीबद्दल दिवाणी कोर्टात दाद मागायचा मार्गच बंद केला होता.

१०. मँचेस्टरने आपला हातमाग मारला, हे खरं आहे का?

आधी सूत मेलं. हातमागाची गोष्ट त्यानंतर येते, आणि ती वेगळी आहे.

शंभर पौंड कापसाचं सूत कातायला हातचरख्यावर सुमारे ५०,००० तास लागत, असा अंदाज तंत्रज्ञानाचे अभ्यासक देतात. १८२५ नंतरच्या स्वयंचलित यंत्रावर तेच काम साधारण १३५ तासांत होऊ लागलं. एवढ्या फरकापुढे कोणतीही मजुरी टिकत नाही. हातसूत कातणाऱ्या बहुतेक बायका होत्या. शेतकऱ्याच्या घरातल्या, विधवा, म्हाताऱ्या. दुपारच्या वेळात कातलेलं सूत बाजारात देऊन त्या मीठ-मिरची आणायच्या. साऱ्याच्या रोख मागणीला हातभार लावणारी ही एक लहान धार होती आणि ती आटली. याची नोंद कोणत्याही खातेवहीत नाही, म्हणून ती पुस्तकांत कमी दिसते.

यात यंत्राचा वाटा किती आणि राज्यकर्त्यांचा किती? यंत्र आलंच असतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात हिंदी कापडावर ७० टक्क्यांच्याही वर जकात होती आणि इंग्रजी कापड इथे अडीच-साडेतीन टक्क्यांवर उतरत होतं. स्वतःची जकात ठरवणारं सरकार असतं तर त्याने थोडी उसंत घेतली असती. ती उसंत आपल्याला मिळाली नाही.

विणकाम मात्र पूर्ण मेलं नाही. विणकराने गिरणीचं स्वस्त सूत घेतलं आणि माग चालू ठेवला. जाडंभरडं धोतर आणि साधं कापड त्याच्या हातून बरंचसं गेलं. नऊवारी लुगडं मात्र टिकलं, कारण त्याचे काठ, पदर, लांबी आणि रंग गावोगाव वेगळे होते आणि परदेशी गिरणीला तेवढ्यासाठी माग बदलणं परवडत नव्हतं. सोलापुरात तेलुगू पद्मशाली आले, मालेगावात उत्तरेकडून मोमीन आले, येवल्यात पैठणी टिकली. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. माग टिकला, पण विणकर बहुतेक ठिकाणी सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा मजूर झाला.

११. उद्योगांचा ऱ्हास आकड्यांनी सिद्ध होतो का? आणि मुंबईच्या गिरण्या तर इंग्रजांच्याच काळात उभ्या राहिल्या!

आकड्यांचा झगडा जुना आहे. बिहारच्या काही जिल्ह्यांत १८०९ ते १८१३ च्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोक उद्योगांवर अवलंबून होते आणि १९०१ मध्ये ते ८-९ टक्क्यांवर आले, असा हिशेब अमियकुमार बागची यांनी मांडला. त्यावर आक्षेप असा की जुन्या आकड्यात अर्धवेळ कातणाऱ्या बायका आहेत. दुसरीकडे १८८१ पासूनच्या जनगणना घेतल्या तर शेतीवर असलेल्या पुरुषांचं प्रमाण फारसं बदललेलं दिसत नाही, आणि त्यावरून ऱ्हास झालाच नाही असं काही जण म्हणतात. पण सुताचा मोठा घाव १८८१ च्या आधी बसून गेला होता. शिवाय त्या जनगणनांत वस्तू बनवणारा आणि विकणारा बऱ्याचदा एकाच रकान्यात आहे, आणि ‘मजूर’ म्हणून लिहिलेला माणूस शेतावरचा की मागावरचा हे कळत नाही. कोणी एकच टक्केवारी देऊन वाद मिटवला, तर त्याने कोणतं वर्ष आणि कोणता रकाना घेतला ते विचारा.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५० च्या दशकात काढली. पुढे सोलापूर आणि नागपुरातही गिरण्या आल्या. त्या बहुतांशी देशी भांडवलावर उभ्या राहिल्या आणि सरकारी संरक्षणाशिवाय वाढल्या. उलट १८८२ मध्ये आयात कापडावरची जकात काढून टाकली. १८९४ मध्ये तिजोरीच्या गरजेपोटी ती परत लावली, तेव्हा लँकेशायरच्या दबावाखाली इथल्या गिरण्यांवरही अबकारी कर बसवला. १८९६ मध्ये दोन्हीकडे साडेतीन टक्के ठरले. म्हणजे मुंबईत विणलेल्या कापडावर मुंबईतच, इंग्लंडहून आलेल्या कापडाइतका कर. टिळकांनी तेव्हा विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. हा कर १९२५ अखेर थांबला. हातमागाला त्यातून सूट होती, त्यामुळे या एका बाबतीत माग आणि गिरणी यांचं हित सारखं नव्हतं.

१२. आमचं गाव कोकणात (किंवा नागपूरकडे, मराठवाड्यात, गोव्यात) आहे. तिथेही हेच लागू आहे का?

नाही, जसंच्या तसं नाही. रत्नागिरीत खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून वेगळा वसूल करायचा. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून इतके लोक गेले त्याचं हे एक मोठं कारण. नागपूर भागात मालगुजार होते आणि ते गावाचे मालक ठरवले गेले. वऱ्हाडात मोजणी मुंबईच्या धर्तीवर झाली, पण कापसाचा व्यापार आणि रेल्वेमुळे पुढची कथा वेगळी आहे. मराठवाडा निजामाकडे होता, तिथे मुंबईसारखी मोजणी बऱ्याच उशिरा आली. गोव्यात पोर्तुगीज राज्य आणि गांवकरीच्या सामाईक जमिनी, म्हणून प्रश्न ४ तिथे लागूच होत नाही.

१३. सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून काही रुपये-पैसे लिहिलेले असतात. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. तो आकडा म्हणजे तुमच्या जमिनीची साऱ्याची आकारणी. देशावरच्या बहुतेक गावांत ती मोजणी आणि प्रतबंदीतून आली, पुढच्या फेरमोजणीत बदलली आणि वाटण्या होतील तशी फोडली गेली. म्हणून शेजारच्या सारख्या क्षेत्राच्या दोन गटांचे आकार वेगळे दिसतात. ‘पोटखराब’ म्हणजे मोजणीच्या वेळी लागवडीला नालायक ठरवून सारा न लावलेलं क्षेत्र.

तुमच्या शेताचे चौकोन आणि आणे बघायचे असतील तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या सर्व्हे नंबरचं प्रतबंदीचं पत्रक मागा. गट नंबर सांगून ते सापडत नाही. एकत्रीकरणाच्या वेळचा जुना सर्व्हे नंबर आधी गट नंबरावरून काढून न्या. मी पहिल्यांदा पाहिलेल्या पत्रकात एका चौकोनात दोष दाखवणारी बारीक खूण होती. तिथे आजही पहारीला चुनखडी लागते.